मीटर 4.17e-08 व्होल्ट दाखवतोय? शब्द उलटे वाचताय

वेर्ण्यातल्या एखाद्या कारखान्यात पॅनेलमधला वीज मीटर RS-485 च्या दोन तारांवरून, मॉडबस आरटीयूने, दूरच्या ऑफिसातल्या संगणकाला जोडताना आधी सगळ्याची वीज बंद करा आणि ए-बी तारांमध्ये मल्टिमीटर लावा. साधारण 60 ओहम हवेत, म्हणजे दोन्ही टोकांना 120 चा एकेक रेझिस्टर. 40 च्या आसपास आले, तर बहुतेक संगणकाच्या बाजूच्या यूएसबी अ‍ॅडॉप्टरच्या आतच एक बसवलेला आहे, बाहेरचा काढा. (टेबलावरच्या दोन मीटर वायरला 9600 वर टर्मिनेशन नसलं तरी सहसा चालतं.)

मग वीज सुरू करून संगणकावरून मीटर वाचा:

```
mbpoll -m rtu -a 1 -b 9600 -P none -t 3:hex -r 1 -c 2 -1 /dev/ttyUSB0
```

उत्तरच आलं नाही तर ए-बी अदलाबदल करून पाहा, काही कंपन्या ही अक्षरं उलटी छापतात. बॉड रेट, पॅरिटी, स्लेव्ह क्रमांक मीटरच्या मेनूत दिसतात.

मीटरच्या रजिस्टर तक्त्यात व्होल्टेज 30001 वर, 32-बिट फ्लोट असेल, तर ते 16 बिटांच्या दोन शब्दांत येतं: `4366 3333` म्हणजे 230.2 व्होल्ट. सॉफ्टवेअरने `3333 4366` असं जोडलं की शीर्षकातला आकडा येतो. वर्ड ऑर्डर बदला. वरच्या कमांडमध्ये 30001 साठी `-r 1` आहे, लायब्ररीत मात्र 30001 चा पत्ता 0 असतो. तिथे 1 दिलात, तर आकडा अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा येतो.