फाईल उघडेना? मग आधी या चुका करू नका

परभणीत बसस्टँडच्या मागं माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. एक दिवसाआड कुणीतरी काउंटरवर पेन ड्राइव्ह टेकवतं आणि म्हणतं, "भैया, फाईल उघडंनाच की." मी एकच विचारतो, "इथं यायच्या आधी काय काय करून बघितलंस?" त्या उत्तरावरूनच फाईल हाती लागेल की नाही याचा अर्धा अंदाज येतो. फाईल बिघडते एकदाच, पण तिची वाट लागते ती नंतरच्या घाईत.

मूळ फाईलवरच हात चालवणं

माझा सगळ्यात जास्त जीव या चुकीनं जाळलाय, म्हणून हिच्यावरच जास्त बोलतो.

मागच्या उन्हाळ्यात जिंतूरकडचा एक पीएचडीचा पोरगा आला. प्रबंध 214 पानांचा, सालगड्यांच्या स्थलांतरावर, आत साठ फोटो, फाईल 38 एमबीची. दोन वर्षं गडी थेट पेन ड्राइव्हवरच काम करत होता. ड्राइव्ह लावायचा, तिथलीच फाईल उघडायची, तिथंच सेव्ह करायची. आदल्या रात्री सेव्ह दाबलं आणि ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असतानाच गाडी चुकेल म्हणून तो उपसला. सकाळी वर्डनं सांगितलं, `Word found unreadable content`, दुरुस्त करू का? खोलीवरच्या मित्रानं हो म्हटलं. समोर दोन कोरी पानं आली. मित्रानं घाबरून Ctrl+S दाबलं. ड्राइव्हवर आता 12 केबीची कोरी फाईल, आणि प्रबंध त्याच नावाखाली गाडला गेलेला.

पोराचं नशीब असं, की त्याआधी त्यानं ती बिघडलेली फाईल दुसऱ्या मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवली होती, "तुझ्याकडं उघडते का बघ" म्हणून. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाईल जशीच्या तशी जाते. मित्राच्या फोनमध्ये ती मिळाली, 21 एमबीची. 38 मधले 17 एमबी गायब, पण जे होतं त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

म्हणून माझ्या दुकानात नियमच आहे: आलेली फाईल आधी हार्ड डिस्कवर घ्यायची, तिची अजून एक कॉपी करायची, आणि काय खेळ करायचे ते त्या कॉपीवर. पेन ड्राइव्ह काढून डबीत. विंडोज ड्राइव्ह फॉरमॅट करू का विचारत असेल तर नाही म्हणायचं. `chkdsk` सुद्धा फाईल बाहेर काढून झाल्याशिवाय चालवायचं नाही. ते ड्राइव्ह नीट करायला बसतं, तुमच्या प्रबंधाची फिकीर त्याला नसते.

आत काय आहे हे न बघताच दुरुस्तीला लागणं

"करप्ट" या शब्दातून काहीच कळत नाही. ताप आहे म्हटल्यावर रोग कळत नाही, तसंच. मी कॉपीवर राइट क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडतो आणि पहिली दोनचार अक्षरं बघतो. बघून झालं की सेव्ह न करता बंद. नोटपॅडमध्ये सेव्ह झालेली वर्डची फाईल मीही परत आणू शकत नाही.

सुरुवातीला `PK` दिसलं तर ती बहुधा वर्डची खरी docx फाईल आहे. `%PDF` दिसलं तर खरी पीडीएफ. साइज 38 एमबी दाखवते पण आत एकही अक्षर नाही, नुसतं कोरं, तर आत शून्यच भरलीत. लाईट गेल्यावर असं होतं, आणि अशा फाईलमधून कुठलंही सॉफ्टवेअर काही काढू शकत नाही. शून्यातून काय काढणार? पैसे घेऊन "ट्राय करतो" म्हणणारे आहेत, मी त्यातला नाही.

आणि `<!DOCTYPE html>` दिसलं तर हसू येतं. उतारा, हॉल तिकीट, निकाल असलं काही पोर्टलवरून उतरवताना लॉगिनची वेळ संपलेली असते. पोर्टल पीडीएफऐवजी "पुन्हा लॉगिन करा" असं सांगणारं वेबपान पाठवतं आणि ते .pdf नावानं सेव्ह होतं. नाव बदलून .html करा, ब्राउझरमध्ये उघडा, ते वाक्य स्वतःच वाचाल. ही फाईल बिघडलेलीच नाही, ती पीडीएफ कधी नव्हतीच. परत लॉगिन करून उतरवायची, विषय संपला. पाथरीचे एक काका अशा फाईलवर तीन दुकानं फिरून आले होते.

त्या पोराच्या फाईलला सुरुवातीला `PK` होतं. docx म्हणजे खरं तर झिप असते. एका पिशवीत बरीच गाठोडी: मजकूर `word/document.xml` मध्ये, तळटीपा `word/footnotes.xml` मध्ये, फोटो `word/media` मध्ये. कुठलं गाठोडं कुठं आहे याची यादी पिशवीच्या तळाशी, म्हणजे फाईलच्या शेवटी असते. शेपूट तुटलं की यादी जाते, आणि वर्ड यादीशिवाय पिशवीत हातच घालत नाही. पण वर्ड सेव्ह करताना मजकुराचं गाठोडं सहसा अगदी सुरुवातीला ठेवतं, फोटो त्याच्या मागं. म्हणजे 17 एमबी गेले असले तरी ते बहुतेक फोटोंचे होते. पोरगा रडकुंडीला आला होता, त्याला हे सांगितल्यावर पहिल्यांदा पाणी प्यायला.

कॉपीचं शेवटचं .docx काढून .zip केलं आणि 7-Zip मध्ये उघडली. शेवट अपुरा असल्याची तक्रार त्यानं केली, पण आतली नावं दाखवली. सगळं एका फोल्डरमध्ये काढून घेतलं. `document.xml` सहा एमबीच्या आसपास, पूर्ण. तळटीपा पूर्ण. साठपैकी एकतीस फोटो धड निघाले, बत्तिसावा खालून करडा. तिथंच फाईल कापली गेली होती.

मग `document.xml` Notepad++ मध्ये उघडली. Ctrl+H, खाली `Regular expression` वर टिक. आधी `</w:p>` शोधून त्याजागी `\r\n` टाकायचं, म्हणजे प्रत्येक परिच्छेद नव्या ओळीवर येतो. मग हे शोधायचं आणि त्याजागी काहीच ठेवायचं नाही:

```
<[^>]+>
```

सगळा कचरा उडाला आणि नुसता मराठी मजकूर उरला. पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या संदर्भापर्यंत. तळटीपांच्या फाईलवरही हेच केलं. दीड तास लागला. पण हेही सांगतो: शीर्षकं, ठळक अक्षरं, पानांचे क्रमांक, सगळं गेलं. तक्ते एकाखाली एक ओळी होऊन पडले. तळटीप कुठल्या वाक्याची हे त्यालाच लावावं लागलं. मांडणीला त्याचे तीन दिवस गेले, उरलेले फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होते. "फाईल जशीच्या तशी मिळंल का" म्हणणाऱ्यानं हे आधीच ऐकून ठेवलेलं बरं.

मजकुराचं गाठोडंच मधे तुटलं असेल तर तुटीपर्यंतचंच मिळतं. तेव्हा मी विनरार वापरतो, त्यात `Keep broken files` वर टिक केली की अर्धवट गाठोडंही ते फेकून देत नाही.

एक खास आपल्याकडचा घोळ. जुन्या फाईली श्रीलिपी नाहीतर आयएसएमच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्यातून काढलेला मजकूर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसतो. लोक म्हणतात, "हे तर सगळं खराब झालं," आणि डिलीट मारतात. अरे बाबा, तो मजकूर धड आहे! निवडा, मूळ फॉन्ट लावा, मराठी परत येतं.

पीडीएफ अर्धी उतरली आणि दुरुस्तीच्या वेबसाइटवर चढवली

पीडीएफचीही यादी शेवटीच असते आणि अगदी टोकाला `%%EOF` लिहिलेलं असतं. नोटपॅडमध्ये Ctrl+End दाबलं आणि ते आसपास कुठंच दिसलं नाही, तर फाईल बहुधा अर्धी उतरलीय. नेट गेलं असेल, फोनची जागा संपली असेल. पहिला इलाज परत उतरवणं, किंवा पाठवणाऱ्याकडून परत मागणं. अँड्रॉइड फोनमध्ये पाठवलेल्या कागदांची कॉपी `WhatsApp Documents` च्या आतल्या `Sent` फोल्डरमध्ये बऱ्याचदा पडून असते, पाठवणाऱ्याला ते माहीतच नसतं. मी तर दुरुस्तीच्या आधी अर्धा तास नुसते फोन करतो.

दुसरीकडं कुठंच नसेल तर मी कमांडच्या काळ्या खिडकीत mutool नावाचा प्रोग्रॅम असा चालवतो:

```
mutool clean tutleli.pdf navi.pdf
```

हे पूर्ण फाईल चाळून जे तुकडे सापडतील त्यांची यादी नव्यानं बांधतं. स्कॅन केलेल्या कागदपत्रांत एक पान म्हणजे एक फोटो, त्यामुळं तुटीच्या आधीची पानं बऱ्याचदा परत येतात. पुढची येत नाहीत. फेरफाराची नक्कल बारा पानांची असेल आणि सात निघाली, तर बाकी पाचसाठी तहसीलचीच पायरी चढायची.

वेबसाइटवर चढवायचं म्हणाल तर आधार, बँक पासबुक, जमिनीचे कागद कुणाच्या कॉम्प्युटरवर चाललेत हे तुम्हाला माहीत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच साइट एका पानाचा नमुना दाखवून पुढं पैसे मागतात.

राहिलेल्या चुका भराभर. मेलवरून आलेली वर्ड फाईल करप्ट म्हणत असेल तर राइट क्लिक, Properties, `Unblock`, मग बघा, कधी कधी एवढ्यानंच उघडते. फोटोचं नाव बदलून .pdf केल्यानं पीडीएफ होत नाही. काम करताना लाईट गेली तर वर्डमध्ये File, Info, Manage Document, `Recover Unsaved Documents`, हे घरीच बघून मग या.

आणि नावाच्या सुरुवातीला `~$` असलेली एक केबीची फाईल दिसली तर तिला काही झालेलं नाही. मूळ फाईल उघडी असताना वर्ड ती खुणेसाठी बनवतं, मजकूर तिच्यात नसतोच. कॉम्प्युटरवर ती लपलेली असते, पेन ड्राइव्ह मोबाइलला लावला की उघडी पडते. गंगाखेडहून एक ग्रामपंचायत सदस्य तीच दुरुस्त करून घ्यायला आले होते, ठरावाची फाईल गेली म्हणून. मी शेजारचीच, चिन्ह नसलेली फाईल दाबली. उघडली. चहा त्यांनी पाजला.