एकाच गाडीची दोन तिकिटं काढताय? या चुका टाळा

गणपतीला गावी जायचं म्हणून कोकणकन्येचं ठाणे ते कणकवली बघितलं, तर लांबलचक वेटिंग. मग सहज ठाणे ते रत्नागिरी टाकून बघितलं, तर चार जागा कन्फर्म. रत्नागिरी ते कणकवली टाकलं, तर तिथेही आहेत. गाडी तीच, दिवस तोच. मग अख्ख्या प्रवासाला जागा नाही कशी?

कारण साधं आहे. एका तिकिटावर तुम्हाला ठाण्यापासून कणकवलीपर्यंत एकच बर्थ सलग रिकामा लागतो. रत्नागिरीला कुणीतरी उतरतं आणि त्याचा बर्थ पुढे मोकळा होतो. दुसरा एखादा बर्थ रत्नागिरीपर्यंत मोकळा असतो, कारण तिथून तो कुणीतरी आधीच घेतलेला आहे. हे दोन अर्धे तुकडे जोडून सिस्टिम एक तिकीट देत नाही. शिवाय वेगवेगळ्या टप्प्यांच्या जागांचे कोटेही वेगळे असतात, म्हणून वेटिंगपुढे कधी GNWL दिसतं, कधी PQWL, कधी RLWL. हे तुकडे आपण स्वतः जोडायचे, म्हणजे दोन तिकिटं काढायची. हे नियमात बसतं, यात लपवाछपवी काही नाही. पण रेल्वेच्या दृष्टीने ही दोन तिकिटं म्हणजे दोन स्वतंत्र प्रवास असतात, आणि माणसं गोत्यात येतात ती हे विसरल्यामुळे.

सगळ्यात महागात पडणारी चूक: तारीख

माझ्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं होतं. तो, वहिनी आणि दोन मुलं. ठाणे ते रत्नागिरी 5 तारखेचं, रत्नागिरी ते कणकवली 5 तारखेचं, दोन्ही कन्फर्म. पहाटे रत्नागिरी आली, अर्धवट झोपेतली मुलं उचलून, बॅगा ओढत ते दुसऱ्या डब्यात गेले. त्यांच्या बर्थवर एक आजी झोपल्या होत्या. आजींनी तिकीट दाखवलं, ते बरोबर होतं. टीसी आले, त्यांनी भावाचा मोबाईल हातात घेऊन दोनदा बघितलं आणि म्हणाले, "दादा, हे कालच्या गाडीचं आहे."

कोकणकन्या, म्हणजे 20111, मुंबईहून रात्री 11 नंतर सुटते. ठाण्याला ती मध्यरात्रीच्या आधी येते, रत्नागिरीला पहाटे. म्हणजे ठाण्याहून 5 तारखेला निघालेली गाडी रत्नागिरीला 6 तारखेला असते. बुकिंग करताना जी तारीख टाकायची ती तुम्ही ज्या स्टेशनातून चढणार तिथली. भावाचं 5 तारखेचं रत्नागिरीचं तिकीट 4 तारखेला मुंबईहून सुटलेल्या गाडीचं होतं, आणि ती गाडी आदल्या पहाटेच निघून गेली होती. त्या तिकिटाचा एक पैसा परत मिळाला नाही. वर पुढचं भाडं आणि माणशी दंड वेगळा. विनातिकीट प्रवासाला किमान दंड 250 रुपये आहे, आणि रत्नागिरी सुटली की कणकवलीच्या तिकिटाशिवाय बसलेला माणूस विनातिकीटच ठरतो, त्याच्या खिशात ठाण्यापासूनचं तिकीट असलं तरी.

पनवेलहून चढणाऱ्यांनी तर आणखी जपायला हवं. तिथे कोकणकन्या मध्यरात्रीनंतर येते, म्हणजे पनवेलच्या तिकिटाचीही तारीख मुंबईच्या पुढची. तुतारी एक्सप्रेसचं उलट आहे. ती दादरहूनच रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते, म्हणून तिची दोन्ही तिकिटं एकाच तारखेची येतात. मात्र "5 तारखेच्या रात्री निघू" म्हणताना तुतारीला 6 तारीख टाकावी लागते, हे घरात सगळ्यांना नीट सांगून ठेवा.

तारीख तपासायची एकच खात्रीची पद्धत आहे. पैसे भरण्याआधी पहिल्या तिकिटाची पोहोचण्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहा. दुसऱ्या तिकिटाची सुटण्याची तारीख आणि वेळ तिच्याखाली लिहा. दोन्हींत फक्त थांब्याच्या काही मिनिटांचा फरक असायला हवा. चोवीस तासांचा फरक दिसला तर थांबा. त्याच वेळी गाडीचा नंबरही ताडून बघा. गणपतीत त्याच मार्गावर भरपूर स्पेशल गाड्या धावतात आणि यादीत त्या एकाखाली एक येतात. घाईत एक तिकीट कोकणकन्येचं आणि दुसरं मागून येणाऱ्या स्पेशलचं निघायला वेळ लागत नाही.

परतीला हाच घोळ उलटा होतो. कणकवलीहून गाडी संध्याकाळनंतर निघते आणि रत्नागिरी रात्री उशिरा येते. त्यात पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या वेळा बदलतात. बारा वाजायच्या आधी की नंतर, हे त्या दिवसाच्या वेळापत्रकातच बघायचं, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जायचं नाही.

एक कन्फर्म, दुसरं वेटिंग

"पुढचं होईल कन्फर्म" म्हणून पहिलं तिकीट काढून दुसरं वेटिंगवर ठेवणारे खूप आहेत. मला हे मुळीच पटत नाही. ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगला राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. पैसे परत येतात, पण तुम्ही रत्नागिरीपर्यंतचेच प्रवासी राहता. पहिलं वेटिंग आणि दुसरं कन्फर्म हे त्याहून वाईट. पहिलं रद्द झालं तर तुम्ही गाडीतच चढू शकत नाही, आणि चार्ट लागल्यानंतर कन्फर्म तिकिटाचे पैसे सहसा हाती येत नाहीत. दोन्ही तिकिटं स्वतंत्र धरली जातात, त्यामुळे एकामुळे दुसरं वाया गेलं ही तक्रार चालत नाही.

आरएसीचं मात्र वेगळं आहे. रत्नागिरीनंतर उजाडायला लागतं, दोन-अडीच तास बसून जायचं असतं. दुसरं तिकीट आरएसी मिळत असेल तर बिनदिक्कत घ्या. बसायची जागा पक्की असते आणि प्रवास वैध असतो.

कोणतं आधी काढायचं? ज्याच्या जागा कमी दिसतात ते. बुकिंग गाडी सुटण्याच्या दिवसाच्या 60 दिवस आधी सकाळी 8 ला उघडतं, आणि हा दिवस गाडी मुंबईहून सुटण्याचा धरतात. म्हणून रत्नागिरीचं 6 तारखेचं तिकीटही मुंबईच्या 5 तारखेच्या तिकिटासोबतच खुलतं. ते दुसऱ्या दिवशी खुलेल म्हणून थांबू नका. घरातल्या दोघांनी दोन मोबाईलवरून एकदमच बसा.

तोडायचं स्टेशन आणि पैशांचा हिशोब

पहिलं तिकीट जिथे संपतं तिथूनच दुसरं सुरू झालं पाहिजे. चिपळूणपर्यंतचं एक आणि रत्नागिरीपासूनचं दुसरं मिळतंय म्हणून कुणी काढू नये. मधल्या पट्ट्यात तुम्ही विनातिकीट असता.

पैसे जास्त जातात हे गृहीतच धरा. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं किलोमीटरमागे कमी होत जातं, प्रवास तोडला की तो फायदा बुडतो. त्यातही स्लीपरचं भाडं कमीत कमी 200 किलोमीटरचं आकारतात. रत्नागिरी ते कणकवली सव्वाशे किलोमीटरही नाही, तरी पैसे 200 किलोमीटरचे. शिवाय माणशी 20 रुपये आरक्षणाचे आणि कोकणकन्या सुपरफास्ट असल्यामुळे 30 रुपये त्याचे, हे दुसऱ्या तिकिटावर पुन्हा लागतात. चौघांचे हेच 200 रुपये जास्तीचे झाले.

खरा फटका रद्द करताना बसतो. कन्फर्म स्लीपर तिकीट बऱ्याच आधी रद्द केलं तरी माणशी किमान 120 रुपये कापतात. एका तिकिटावर चौघांचे 480, दोन तिकिटांवर 960. रजा मंजूर होईल की नाही याची खात्री नसेल, तर हा आकडा आधी मनात धरा आणि मगच दोन तिकिटं काढा.

गाडीत बसल्यावर

सगळ्यात जास्त तक्रारी ऐकू येतात त्या इथल्या. दुसऱ्या तिकिटाचा डबा वेगळा असतो, त्या डब्याच्या टीसींना तुम्ही S3 मध्ये झोपला आहात हे माहीत असायचं कारण नाही. रत्नागिरी सुटली आणि S8 मधल्या तुमच्या बर्थवर कुणी दिसलं नाही, तर तो प्रवासी आलाच नाही असं धरून बर्थ आरएसीवाल्याला दिला जाऊ शकतो. म्हणून रात्री पहिले टीसी तिकीट बघायला आले की दोन्ही तिकिटं एकत्र दाखवा आणि पुढचा डबा-बर्थ सांगून ठेवा. तेवढ्यावर विसंबू मात्र नका. रत्नागिरीच्या अर्धा तास आधीचा गजर लावा, एक मोठा माणूस सामान न घेता आधी S8 मध्ये जाऊन बर्थपाशी उभा राहू दे, बाकीचे मागून सावकाश येतील. डबे आतून जोडलेले असतात, तेव्हा शक्यतो आतूनच चालत जा. पावसात ओल्या फलाटावर मुलं आणि बॅगा घेऊन थांब्याच्या मिनिटांत धावपळ करू नका.

त्या बर्थवर कुणीतरी झोपलेलं असणं हे जवळपास ठरलेलंच. रत्नागिरीपर्यंत तो त्यांचा असू शकतो, किंवा रिकामा दिसला म्हणून कुणी आडवं झालेलं असतं. तिकीट दाखवून शांतपणे उठवा, नाही उठले तर टीसींना बोलवा. सोबत गुडघेदुखीचे आजी-आजोबा असतील किंवा तान्हं मूल असेल, तर पहाटे पाचची ही बदलाबदल मला तरी नको वाटते. त्यांच्यासाठी दिवसाची मांडवी एक्सप्रेस बघा. तिथे तिकीट तोडावं लागलं तरी झोपमोड होत नाही, आणि दोन्ही तिकिटांवर एकच तारीख असते.

दुसरं तिकीट चुकलंय किंवा रद्द झालंय हे गाडीत लक्षात आलं, तर रत्नागिरी यायच्या आधीच टीसींना गाठा आणि प्रवास कणकवलीपर्यंत वाढवून मागा. जागा शिल्लक असेल तर ते पुढच्या भाड्याची पावती करून देतात. रत्नागिरी सुटल्यावर ते तुमच्यापर्यंत आले, तर त्याच प्रवासाची पावती दंडासकट होते.