ब्रेड्थ-फर्स्ट की डेप्थ-फर्स्ट: प्रश्न पाहून ग्राफ ट्रॅव्हर्सल कसे निवडावे

ब्रेड्थ-फर्स्ट आणि डेप्थ-फर्स्ट या दोन्ही पद्धती प्रत्येक नोड आणि प्रत्येक कड एकदाच तपासतात, त्यामुळे ॲडजसन्सी लिस्ट, म्हणजे प्रत्येक नोडच्या शेजाऱ्यांची यादी, वापरल्यास दोन्हींना `O(V+E)` इतकाच वेळ लागतो; इथे V ही नोडची आणि E ही कडांची संख्या. निवड वेगावर नव्हे, तर कोणत्या क्रमाने मिळणारी माहिती आपल्याला हवी आहे, यावर ठरते.

अ→ब, अ→क, ब→ड, ड→इ आणि क→इ अशा 5 दिशायुक्त कडांचा ग्राफ घेऊ.

प्रथम ब्रेड्थ-फर्स्ट करून पाहावे. अ ला अंतर 0 देऊन क्यूमध्ये ठेवावे. मग क्यूच्या पुढच्या टोकाचा नोड काढून त्याच्या न पाहिलेल्या शेजाऱ्यांना एकने जास्त अंतर द्यावे आणि मागच्या टोकाला जोडावे. ब आणि क यांना 1, तर ड आणि इ यांना 2 अंतर मिळते. क्यूमधून नोड अंतराच्या चढत्या क्रमानेच बाहेर पडत असल्याने इ पर्यंतचा 2 कडांचा मार्ग सर्वांत लहान आहे, याची खात्री असते. म्हणून कमीत कमी किती पायऱ्या लागतील, असे विचारणाऱ्या प्रश्नांना ही पद्धत योग्य ठरते. मात्र कडांची वजने वेगवेगळी असतील तर ही खात्री राहत नाही. नोड पाहिल्याची खूण क्यूमध्ये टाकतानाच करावी, कारण ती बाहेर काढताना केली तर इथे इ एकदा ब→ड मार्गाने आणि एकदा क कडून असा दोनदा क्यूमध्ये शिरू शकतो.

डेप्थ-फर्स्ट याच ग्राफवर अ, ब, ड, इ असे खोल जाते आणि इ पर्यंत 3 कडांनी पोहोचते, त्यामुळे अंतरासाठी ते उपयोगाचे नाही. त्याचे खरे मोल नोडचे काम पूर्ण होण्याच्या, म्हणजे त्याचे सर्व शेजारी तपासून संपण्याच्या, क्षणात आहे. इथे नोड इ, ड, ब, क, अ या क्रमाने पूर्ण होतात, आणि हा क्रम उलटा केला की अ, क, ब, ड, इ ही टोपोलॉजिकल मांडणी मिळते, जिच्यात प्रत्येक कड पुढच्याच दिशेने जाते. एखादे काम दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर हीच मांडणी लागते.

चक्र शोधताना मात्र 'पाहिला' आणि 'न पाहिला' या दोन खुणा पुरत नाहीत. क पासून इ कडे पाहिले असता इ आधीच पाहिलेला असतो, तरीही तिथे चक्र नाही. म्हणून 'न पाहिलेला', 'चालू' आणि 'पूर्ण' अशा तीन अवस्था ठेवाव्यात, आणि 'चालू' नोडकडे जाणारी कड सापडली तरच चक्र आहे असे म्हणावे. वरच्या ग्राफमध्ये इ→ब ही कड जोडली, तर इ तपासताना ब 'चालू' असतो आणि चक्र लगेच उघड होते.

रिकर्शनने लिहिलेले डेप्थ-फर्स्ट लांबलचक साखळीवर कोलमडू शकते. पायथॉनमध्ये रिकर्शनची मूळ मर्यादा साधारणपणे 1000 असते. स्वतःचा स्टॅक वापरल्यास ही अडचण टळते, परंतु नोड काढून टाकून लगेच त्याचे सर्व शेजारी स्टॅकवर ढकलले, तर तो केव्हा पूर्ण झाला हे कळत नाही. त्यासाठी नोड स्टॅकवरच राहू द्यावा, त्याचा पुढचा कोणता शेजारी तपासायचा आहे हे सोबत नोंदवावे आणि शेजारी संपल्यावरच तो काढावा.