दिवाळीत घरभर पाहुणे आणि टीव्ही एकच: सिनेमा निवडताना या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वीची पाडव्याची दुपार. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं आमचं घर, मधल्या खोलीत सतरंज्या अंथरलेल्या, चौदा माणसं. पुण्याच्या नणंदेने ‘नटसम्राट’ लावला. चांगला सिनेमा, मराठी, नाना पाटेकर, कुठे वावगं दृश्य नाही. काय वाईट होणार होतं? अर्ध्या तासात पडद्यावरचा म्हातारा आपली मिळकत मुलांच्या नावावर करून मोकळा झाला, आणि मग एकेका दारातून बाहेर पडू लागला. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, त्याच उन्हाळ्यात दोन्ही मुलांच्या नावाने उतारे करून दिले होते. ते काही बोलले नाहीत. चंची उचलली आणि कट्ट्यावर जाऊन बसले. सिनेमा पुढे चालू राहिला, पण एकमेकांकडे बघायची कुणाची हिंमत नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडे सिनेमा निवडायचं काम माझ्याकडे आहे. आणखी दोन दिवाळ्या मीही चुका केल्या. त्या इथे सांगते.

रेटिंग बघितलं म्हणजे झालं, असं समजणं

रेटिंग काय सांगतं ते आधी बघू. पूर्वी U आणि A एवढीच दोन प्रमाणपत्रं होती, १९८३ पासून मधलं UA आलं. त्याचा अर्थ, बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघावा. नोव्हेंबर २०२४ पासून नव्या सिनेमांसाठी त्या UA चे तीन भाग झाले: UA 7+, UA 13+ आणि UA 16+. ओटीटीवर साधारण अशीच वयाची विभागणी २०२१ च्या नियमांपासून आहे, पण तिथला शिक्का ती कंपनी स्वतःच देते. त्यामुळे थिएटरात साधं UA मिळालेला जुना सिनेमा मोबाईलवर U/A 16+ दिसला तर गोंधळून जायचं कारण नाही. सिनेमा सुरू होताना वरच्या कोपऱ्यात हे अक्षर आणि त्याखाली हिंसा, भाषा, नशा असे दोन-तीन शब्द येतात. आपण नेमके तेव्हाच चिवड्याची ताटली फिरवत असतो. वयाच्या आकड्यापेक्षा ते शब्द जास्त कामाचे आहेत. ‘भाषा’ लिहिलं असेल तर शिव्या आहेत, आणि सासूबाईंना शिव्यांचा जेवढा त्रास होतो तेवढा मारामारीचा होत नाही.

पण रेटिंग दुःखाबद्दल काही सांगत नाही. मुलांना ओरबाडणारं किंवा म्हाताऱ्यांच्या वर्मावर बोट ठेवणारं असं काही सिनेमात आहे का, ते त्या अक्षरात मावत नाही. ‘७७७ चार्ली’ (२०२२) घ्या. कन्नड, कुत्रा, प्रवास. धाकटी जाऊ धारवाडची, म्हणून मी मुद्दाम तो लावला. शेवटी ती कुत्री मरते. आमचा पाच वर्षांचा चिनू रात्री जेवलाच नाही, आणि गोठ्याशेजारी बांधलेल्या आमच्या मोत्याला सोडून झोपायला तयार होईना. सिनेमात खोट नव्हती, मी शेवट बघितला नव्हता ही चूक.

म्हणून आता एकच नियम केलाय. लावायचा सिनेमा आदल्या रात्री मोबाईलवर उघडायचा आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं बघायची. मग मध्यंतराच्या आधीची दहा मिनिटं. आपल्या सिनेमांत मोठा धक्का याच दोन ठिकाणी असतो. ‘शेवट कळला की मजा जाते’ ही तक्रार मान्य, पण ती मजा माझी एकटीची जाते.

‘टीव्हीवर बघितलेला आहे, काही नाही त्यात’

हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच, बहुतेक भावजी. A प्रमाणपत्राचा सिनेमा वाहिनीवर आहे तसा दाखवता येत नाही. आधी काटछाट होते, मग पुन्हा प्रमाणपत्र घेतात, तेव्हा तो टीव्हीवर येतो. बाकीच्या सिनेमांतही वाहिन्या शब्द गाळतात, दृश्यं उडवतात. ओटीटीवर तोच सिनेमा अखंड असू शकतो. म्हणजे भावजींनी बघितलेला आणि आज आपण लावतोय तो, नाव एक असलं तरी वेगळा निघू शकतो. ‘बघितलाय’ असं कुणी म्हणालं की मी आता ‘कुठं बघितला?’ हे विचारते.

नावावर जाणं ही याच चुकीची धाकटी बहीण. ‘बालक-पालक’ (२०१३) हा नावावरून मुलांचा वाटतो. तो वयात येणाऱ्या मुलांचं कुतूहल आणि चोरून आणलेल्या कॅसेटी यांच्यावर आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी आईबापांसोबत बघावा असाच आहे, पण आजोबा आणि व्याही शेजारी बसलेले असताना नाही. ‘झपाटलेला’ (१९९३) विनोदी म्हणून सगळ्यांना आठवतो. पाच वर्षांच्या पोराला त्यातला फक्त जिवंत झालेला बाहुला दिसतो.

‘हिंदी सगळ्यांना कळते की’

आमच्या भागात ही चूक सर्वांत जास्त होते, आणि कळतही नाही, कारण कुणी तक्रार करत नाही. आमच्या घरातलं उदाहरण सांगते. सासूबाईंना मराठी येते, कन्नड बाजारापुरती. जावेच्या आईवडिलांना कन्नड, आणि मराठी जेमतेम. नणंदेची मुलं मराठी बोलतात पण देवनागरी अडखळत वाचतात. हिंदी ‘कळते’ असं सगळेच म्हणतात. पण कळणं म्हणजे भाजीवाल्याशी बोलणं वेगळं आणि पटापट येणाऱ्या विनोदाला हसणं वेगळं.

यावर सबटायटल लावा असं सांगतात. दुसरीतल्या मुलाची ओळ वाचून संपायच्या आत ती जाते, आणि सासूबाईंचा चष्मा देवघरात असतो. शिवाय मराठी सिनेमाला बहुधा इंग्रजीच सबटायटल असतात, ती इथे निम्म्यांना निरुपयोगी. दुसरा उपाय म्हणजे ऑडिओ बदलणं. मोठे कन्नड सिनेमे हिंदी, तेलुगू, तमिळ, मल्याळममध्ये डब होतात, मराठीत क्वचित. आणि बाजारात बेळगावचं कन्नड सहज बोलणाऱ्या माणसालासुद्धा बेंगळूर-म्हैसूरकडचं किंवा कुंदापूरकडचं बोलणं पहिली पंधरा मिनिटं परकं वाटतं. हे मी आप्पांच्या चेहऱ्यावरून शिकले.

कुणाला कळत नाही, हे ओळखायचं कसं? विनोदावर कोण उशिरा हसतं ते बघा. शेजाऱ्याचा चेहरा बघून हसणाऱ्याला संवाद कळलेला नसतो. आणि एखाद्या बाईने ‘मी चहा ठेवते’ म्हणत तिसऱ्यांदा स्वयंपाकघर गाठलं, तर तिला खरंच चहा ठेवायचा असतो असं नाही.

मागच्या दिवाळीत मी भाषेचाच प्रश्न काढून टाकला. ‘पुष्पक विमान’ लावला, १९८७ चा. सिंगीतम श्रीनिवास राव यांचं दिग्दर्शन, कमल हासन, आणि अख्ख्या सिनेमात एक संवाद नाही. चित्रीकरण बेंगळुरातलं, त्यामुळे व्याह्यांना ओळखीच्या जागा शोधायचं काम मिळालं. शेवटची पंचवीस मिनिटं आधी बघून ठेवली होती: नायिका निघून जाते, शेवट थोडा हुरहूर लावणारा, पण रडवणारा नाही. एक भाग मात्र आधी सांगून ठेवावा लागला. कोंडून ठेवलेल्या माणसाची विष्ठा भेटवस्तूसारखी कागदात गुंडाळून टाकून देण्याचा प्रकार त्यात आहे. मुलं लोळून हसली, सासूबाई म्हणाल्या, ‘फराळाच्या वक्ताला हे कशाला?’ म्हणून पुढच्या वेळी तो चकलीच्या डब्यासोबत लावायचा नाही, एवढी नोंद केली. बर्फाचा सुरा घेऊन मागे लागणारा मारेकरी येतो तेव्हा चिनू आईच्या मांडीत गेला, पण उठला नाही. व्याही एरवी आमच्याकडे अवघडून बसायचे. त्या दिवशी मध्येच आप्पांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘चलो ऐती!’, म्हणजे छान आहे, आणि आप्पा म्हणाले, ‘हाय की.’

वेळेचं गणित न करणं

नरक चतुर्दशीला सगळे पहाटे उठलेले असतात. त्या दिवशी दुपारी दोनला लावलेला सिनेमा अडीचला घोरण्याच्या साथीने चालतो. त्या दुपारी मी काहीच लावत नाही, पोरांना किल्ल्यावर मावळे मांडू द्यावेत. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ तर विचारातच घ्यायची नाही.

उरतात पाडवा आणि भाऊबीज. दिवेलागण साधारण सहाला. पावणेतीन तासांचा सिनेमा तीन वाजता सुरू केला, मध्यंतराला वीस मिनिटं चहा, दोनदा दार वाजलं म्हणून दहा मिनिटं, की सव्वासहा होतात. सुना उठून पणत्या लावायला जातात आणि शेवट फक्त पुरुष आणि मुलं बघतात. हे मला पटत नाही. म्हणून पावणेतीन तासांचा असेल तर अडीचच्या आत बटण दाबायचं, नाहीतर दोन तासांच्या आतला निवडायचा. ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) दीड तासाच्या आसपास आहे, पंढरपुरातला, सायकलीवर जीव असलेल्या मुलाचा. भाऊबीजेची ओवाळणी झाल्यावरही बसतो. ओटीटीवर मध्यंतराची पाटी आली तरी सिनेमा थांबत नाही, रिमोट हातातच ठेवा.

सगळ्यांसमोर निवडत बसणं

चौदा माणसांसमोर टीव्हीवर पोस्टर सरकवत बसलात की पाऊण तास जातो आणि शेवटी सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या माणसाचा सिनेमा लागतो. धनत्रयोदशीच्या रात्रीच दोन नावं ठरवा. त्याच रात्री टीव्हीवर लॉगिन करून एक मिनिट चालवून बघा. काही प्लॅन फक्त मोबाईलपुरते असतात, टीव्हीवर चालतच नाहीत, आणि ओटीपी पुण्यात राहिलेल्या भावजींच्या फोनवर जातो.

आणि मध्येच नको ते दृश्य आलंच तर? फास्ट फॉरवर्ड करू नका. चित्र भराभर पळू लागलं की फोनमध्ये डोकं घातलेली मुलंसुद्धा मान वर करतात. मी सरळ थांबवते आणि ‘चहा कुणाकुणाला?’ विचारते. सगळे स्वयंपाकघराकडे वळले की पुढे नेऊन ठेवते. बायकांना हे लगेच कळतं. सासूबाई तर आताशा मी थांबवायच्या आधीच म्हणतात, ‘चहा ठेव ग.’