कामगार न्यायालयाचा निवाडा हातात आल्यावर एचआर प्रमुखासाठी कृती-टिपण कसे काढावे

निवाडा चाळीस पानांचा असतो आणि एचआर प्रमुखाला त्यातून तीनच गोष्टी कळायला हव्या असतात: काय करायचे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि नाही केले तर काय. पण या तीन गोष्टी एका जागी लिहिलेल्या नसतात. तारीख तर बहुतेक वेळा निवाड्यात नसतेच, ती मोजून काढावी लागते. सर्वांत जास्त चुका तिथेच होतात, म्हणून या लेखात तारखांवर जास्त वेळ घालवला आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एक कल्पित प्रकरण घेऊ. एका कारखान्यातल्या कामगाराला 18 ऑगस्ट 2016 रोजी बडतर्फ केले. त्याचा शेवटचा पगार महिना 14,600 रुपये होता. प्रकरण संदर्भ म्हणून, म्हणजे सरकारने निवाड्यासाठी पाठवलेला वाद म्हणून, महाराष्ट्रातल्या कामगार न्यायालयात गेले आणि 12 मार्च 2024 रोजी निवाडा झाला. शेवटच्या पानावरचा आदेश असा:

1. संदर्भ अंशतः मंजूर.
2. प्रथम पक्षाने दुसऱ्या पक्षास निवाडा प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्याच्या आत पूर्वीच्या पदावर, सेवेच्या सलगतेसह कामावर घ्यावे.
3. प्रथम पक्षाने बडतर्फीच्या दिनांकापासून प्रत्यक्ष कामावर घेईपर्यंतचे 50 टक्के मागील वेतन द्यावे.
4. ही रक्कम निवाडा प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांत न दिल्यास त्यानंतर ती मिळेपर्यंत दरसाल 6 टक्के व्याज द्यावे.
5. खर्चाबाबत आदेश नाही.

आधी पहिले पान, मग शेवटचे

पहिल्या पानावर प्रकरण क्रमांक बघा. तिथे ‘रेफरन्स (आयडीए)’ असेल तर हा औद्योगिक विवाद कायदा, 1947 खालचा निवाडा आहे. ‘कम्प्लेंट (यूएलपी)’ असेल तर ती 1971 च्या महाराष्ट्र कायद्याखालची अनुचित कामगार प्रथेची तक्रार आहे. कोर्ट तेच, न्यायाधीशही कदाचित तेच, पण मुदतीचा हिशोब वेगळा. निवाड्याला प्रसिद्धीची पायरी असते, तक्रारीवरच्या आदेशाला ती नसते. तिथे आदेशात वेगळे काही म्हटले नसेल तर आदेशाच्या दिनांकापासूनच मोजायचे. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आहे. त्यामुळे त्यानंतरच्या आदेशात तो कोणत्या कायद्याखाली दिला आहे हे टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहा. आपले प्रकरण 2024 चे आहे, म्हणून पुढे सगळीकडे 1947 चा कायदा धरला आहे.

त्याच पानावर प्रथम पक्ष कोण आणि दुसरा पक्ष कोण हेही बघून घ्या. महाराष्ट्रात संदर्भात सहसा कंपनी प्रथम पक्ष असते. दुसऱ्या राज्यात कारखाना असेल तर हे उलटेही असू शकते. टिपणात ‘प्रथम पक्ष’ हा शब्द येऊच देऊ नका, सरळ ‘कंपनी’ आणि ‘कामगार’ लिहा.

मग शेवटचे पान. कंपनीने जे करायचे ते तिथल्या क्रमांकित आदेशात असते. मधल्या पानांवर ‘कंपनीने चौकशी नीट करायला हवी होती’ अशी वाक्ये भेटतात. ती कोर्टाची मते आहेत, आदेश नव्हेत. त्यांना कृतीच्या यादीत जागा नाही. मधली पाने तरीही वाचायची, कारण कधी कधी ती शेवटच्या आदेशाशी जुळत नाहीत. आपल्या प्रकरणात समजा विवेचनात एके ठिकाणी मागील वेतन ‘मागणीपत्राच्या दिनांकापासून’, म्हणजे 18 फेब्रुवारी 2017 पासून द्यावे असे म्हटले आहे, आणि शेवटच्या आदेशात मात्र ‘बडतर्फीच्या दिनांकापासून’. फरक सहा महिन्यांचा, अर्ध्या पगाराने 43,800 रुपयांचा. अशा वेळी टिपणात शेवटच्या आदेशातली तारीख धरा आणि खाली वकिलासाठी प्रश्न म्हणून ही विसंगती पान क्रमांकासह नोंदवा. कंपनीला सोयीची तारीख आपणच निवडणे हे टिपण लिहिणाऱ्याचे काम नाही.

तारीख कशी मोजायची

मी सुरुवातीला एका कंपनीसाठी असे टिपण केले तेव्हा मुदत प्रत मिळाल्याच्या दिवसापासून मोजली होती. चूक लक्षात आली तोवर मुदत संपून चार दिवस झाले होते आणि कामगाराच्या वकिलाची नोटीस आली होती. तेव्हापासून माझ्या टिपणात तीन तारखा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात: निवाड्याची, प्रसिद्धीची आणि प्रत हाती आल्याची.

आपल्या प्रकरणात निवाडा 12 मार्चचा. तो सरकारकडे जातो आणि मग प्रसिद्ध होतो. समजा प्रसिद्धी 22 एप्रिल 2024 ला झाली आणि कंपनीला प्रत 29 एप्रिलला मिळाली. आदेशाचे शब्द ‘प्रसिद्ध झाल्यापासून’ असे आहेत, म्हणून मोजणी 22 एप्रिलवरून. ही तारीख निवाड्यावर छापलेली नसते. वकिलाकडून ती लेखी मागवा आणि ते पत्र टिपणाला जोडा.

‘पासून’ म्हटले की तो पहिला दिवस सोडून मोजायचे. महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. म्हणजे एक महिना 22 मे 2024 ला पुरा होतो. कलम 17-अ प्रमाणे निवाडा प्रसिद्धीनंतर 30 दिवस पुरे झाल्यावर अंमलात येतो. ते 30 दिवसही इथे 22 मेलाच संपतात, पण हा योगायोग आहे. एप्रिल 30 दिवसांचा म्हणून जमले. प्रसिद्धी मे महिन्यात झाली असती तर दोन तारखांत एका दिवसाचा फरक पडला असता. म्हणून ‘महिना’ आणि ‘30 दिवस’ यांची अदलाबदल करू नका. प्रत 29 एप्रिलला मिळाली म्हणून कोणी 29 मे धरले असते तर सात दिवसांचा उशीर झाला असता.

व्याजाची तारीख दोन महिन्यांची, म्हणजे 22 जून 2024. तो दिवस चौथा शनिवार, बँका बंद. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढच्या दिवशी चालते, हा नियम कोर्टात किंवा कार्यालयात करायच्या गोष्टींसाठी आहे. कामगाराला थेट द्यायच्या पैशांसाठी त्यावर विसंबू नका. टिपणात कोर्टाची तारीख 22 जून लिहा आणि आपली तारीख त्याच्या बरीच आधीची.

आता तिसरा आदेश बघा. त्यात मुदतच नाही. घाईत वाचणारा चौथ्यातले दोन महिने तिसऱ्याला लावतो आणि पैसे द्यायला जूनअखेर आहे असे समजतो. ते दोन महिने व्याज कधी सुरू होणार एवढेच सांगतात. निवाडा अंमलात आला की मागील वेतन देणे आहेच आणि कामगार वसुलीसाठी कलम 33-क खाली अर्ज करू शकतो. टिपणात तिसऱ्या आदेशासमोर ‘मुदत दिलेली नाही, 22 मेनंतर वसुलीचा धोका’ असे स्पष्ट लिहा.

रक्कम

कामगाराला 18 मे 2024 ला रुजू करून घेतले असे धरू. 18 ऑगस्ट 2016 ते 17 मे 2024 हे बरोबर 93 महिने. 14,600 गुणिले 93 म्हणजे 13,57,800. त्याचे निम्मे 6,78,900 रुपये. रुजू करायला लागणारा प्रत्येक महिना यात 7,300 रुपये वाढवतो. मुदत चुकली तर व्याज दिवसाला सुमारे 112 रुपये.

हा आकडा ‘किमान’ म्हणून द्या. मधल्या काळात त्या पदाचे पगार करारांमुळे वाढले असतील तर ती वाढ मागील वेतनात धरायची का, हे आदेशात नाही; तो वकिलासाठी दुसरा प्रश्न. भविष्य निर्वाह निधी आणि आयकर कपात यांचा हिशोब पगार विभागाकडून वेगळा मागवा. एचआर प्रमुखाला इथे फक्त हे कळले पाहिजे की हातात जाणारी रक्कम आणि कंपनीचा एकूण खर्च वेगवेगळे असतील.

वर एक निर्णय, खाली तीन कामे

टिपण एका पानाचे ठेवा. सगळ्यात वर तो निर्णय लिहा जो फक्त एचआर प्रमुख आणि व्यवस्थापन घेऊ शकते: पाळायचा की उच्च न्यायालयात जायचे. इथे एक गैरसमज वारंवार भेटतो, तो टिपणातच खोडून काढा. रिट याचिका दाखल केली म्हणजे स्थगिती मिळाली असे नाही. आणि कामावर घेण्याच्या निवाड्याला आव्हान दिले तर, कामगाराने आपण कुठे नोकरी करत नाही असे शपथपत्र दिल्यावर, याचिका चालेपर्यंत त्याला शेवटचा पूर्ण पगार कलम 17-ब प्रमाणे द्यावा लागतो. म्हणजे काम न घेता महिना 14,600.

नमुना असा:

> निर्णय हवा: 3 मेपर्यंत. निवाडा पाळणे की आव्हान. आव्हान द्यायचे तर स्थगितीचा अर्ज 22 मेपूर्वी सुनावणीला यायला हवा.
>
> काम 1 (आदेश 2). कामगाराला पूर्वीच्या पदावर, सलग सेवेसह रुजू करणे. कोर्टाची तारीख 22 मे. आपली तारीख: पत्र 6 मे, रुजू 18 मे. जबाबदारी: कारखाना एचआर. पुरावा: पोस्टाची पोच, रुजू अहवाल, हजेरीपट.
>
> काम 2 (आदेश 3, 4). किमान 6,78,900 रुपये. मुदत दिलेली नाही. 22 मेनंतर वसुलीचा धोका, 22 जूननंतर व्याज. आपली तारीख 22 मे. जबाबदारी: पगार विभाग. पुरावा: हिशोबाचा तक्ता, बँक नोंद, पावती.
>
> काम 3 (आदेश 2). सेवापुस्तकात 2016 ते 2024 चा काळ सलग दाखवणे. ग्रॅच्युइटी आणि रजेच्या नोंदी. आपली तारीख 31 मे.
>
> न पाळल्यास: कलम 29 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, कलम 33-क खाली वसुली.
>
> वकिलासाठी प्रश्न: मागील वेतनाची सुरुवात कोणत्या तारखेपासून? पगारवाढ धरायची का?

तिसरे काम आदेशात वेगळे लिहिलेले नव्हते हे लक्षात घ्या. ते ‘सेवेच्या सलगतेसह’ या दोन शब्दांतून निघाले. असे शब्द शोधण्यासाठी शेवटचा आदेश मी शाईने अधोरेखित करत वाचते: प्रत्येक क्रियापदाखाली एक रेघ, आणि ‘सह’, ‘पर्यंत’, ‘न दिल्यास’ अशा शब्दांखाली दोन. दोन रेघांखाली सहसा एक विसरलेले काम किंवा एखादी अट सापडते.

‘पूर्वीच्या पदावर’ या शब्दांनाही तेवढेच वजन आहे. कामगाराचा विभाग बंद झाला असेल आणि कारखाना व्यवस्थापक त्याला दुसऱ्या शहरातल्या युनिटला रुजू व्हायला सांगणार असेल, तर ते निवाड्याचे पालन ठरेल याची खात्री नाही. हे रुजू पत्र निघण्याआधी समजायला हवे, म्हणून पत्राचा मसुदा वकिलाने पाहिल्याशिवाय पाठवू नये असे काम 1 खाली लिहून ठेवा. पत्र कामगाराच्या शेवटच्या नोंदवलेल्या पत्त्यावर नोंदणीसह स्पीड पोस्टाने आणि त्याच्या वकिलालाही पाठवा. आठ वर्षांत माणूस घर बदलतो, पत्र परत येते, आणि कंपनीने बोलावलेच नाही असा दावा उभा राहतो. परत आलेले पाकीट फोडू नका, तसेच बंद फाइलला लावा.