राखाडी स्वेटरवर स्टोल निवडताना या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकड्यावर आला की नाशिकमध्येही कपाटातले स्वेटर बाहेर निघतात, आणि त्यांत एखादा तरी फिका, करडा-राखाडी स्वेटर असतोच. त्याला उठाव यावा म्हणून आपण दुकानातला सर्वांत भडक स्टोल उचलतो. पहिली चूक येथेच होते, कारण राखाडी रंग शेजारच्या रंगाप्रमाणे वेगळा दिसू लागतो.

गेल्या वर्षी माझ्या वहिनींनी मेन रोडवरच्या एका दुकानातून संध्याकाळी गडद राणी रंगाचा स्टोल घेतला. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली तो त्यांच्या राखाडी स्वेटरवर शोभून दिसत होता. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी उभ्या राहिल्या, तेव्हा स्वेटर शेवाळल्यासारखा वाटू लागला. स्टोलमध्ये दोष नव्हता. एखाद्या ठसठशीत रंगाशेजारी राखाडी ठेवला, तर आपल्या डोळ्यांना त्या राखाडीत विरुद्ध रंगाची झाक जाणवते. राणी रंगाची विरुद्ध झाक हिरवट असते, आणि वहिनींच्या स्वेटरमध्ये मुळातच किंचित पिवळट-हिरवी छटा असल्यामुळे ती अधिकच उठून दिसली.

स्वेटरची छटा न तपासता रंग ठरवणे ही दुसरी चूक, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी. तपासणी अगदी सोपी आहे: दिवसा, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ स्वेटर पांढऱ्या कोऱ्या कागदावर ठेवावा. कागदाशेजारी तो पिवळट, हिरवट की निळसर दिसतो, हे लगेच कळते. वहिनींचा पिवळटाकडे झुकत होता, म्हणून आम्ही घरातलीच एक शेंदरी ओढणी त्यावर टाकून पाहिली. शेंदरीची विरुद्ध झाक निळसर असल्याने पिवळटपणा दबला आणि तोच स्वेटर स्वच्छ, धुतल्यासारखा वाटू लागला. स्वेटर आधीच निळसर असेल, तर मात्र शेंदरीमुळे तो अधिक निळा दिसेल. तुम्हाला तसा आवडत असेल तर अडचण नाही.

तिसरी चूक म्हणजे स्टोल केवळ हातावर धरून पाहणे. तो हनुवटीखाली गुंडाळला की उजेडात त्याचा रंग चेहऱ्यावरही पडतो. शेंदरी रंगाने एखादीचा चेहरा पिवळट वाटू शकतो. अशा वेळी स्टोल गळ्याशी घट्ट न गुंडाळता छातीवर सैल सोडावा आणि आत मोतिया रंगाची कॉलर दिसू द्यावी.

आधी घेतलेला राणी स्टोल टाकून देण्याची गरज नाही. झाक बदलण्याचा हा परिणाम दोन रंग एकमेकांना भिडतात त्या कडेला सर्वाधिक जाणवतो. वहिनींनी त्या स्टोलला दोन बोटे रुंदीचा मोतिया काठ लावून घेतला, तेव्हा स्वेटरचा हिरवटपणा बराच कमी झाला.