सकारात्मक म्हणजे चांगलं नव्हे: स्वातंत्र्याच्या दोन संकल्पना समजून घेताना या चुका टाळा

नाशिकला राज्यशास्त्र शिकवताना मी उत्तरपत्रिका तपासतो, तेव्हा एक वाक्य दरवर्षी भेटतं: ‘नकारात्मक स्वातंत्र्य म्हणजे बंधनांचा अभाव आणि सकारात्मक स्वातंत्र्य म्हणजे सरकारने दिलेल्या सोयीसुविधा.’ पहिला भाग चालेल. दुसऱ्यात मात्र गाडी घसरते, आणि एकदा घसरली की पुढचं सगळं उत्तर चुकीच्या रुळावरून जातं.

थोडा दोष शब्दांचाही आहे. मराठीत ‘नकारात्मक’ म्हटलं की रडका आणि ‘सकारात्मक’ म्हटलं की उत्साही माणूस डोळ्यांसमोर येतो. राजकीय तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांनी ३१ ऑक्टोबर १९५८ रोजी ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात ही जोडी मांडली, तेव्हा त्यांना जास्त धास्ती होती ती सकारात्मक स्वातंत्र्याच्या गैरवापराची. त्यांचे प्रश्न दोन होते. मला इतर माणसं कुठवर अडवत नाहीत, हा नकारात्मक स्वातंत्र्याचा. माझ्यावर हुकूम कोणाचा चालतो, माझा की दुसऱ्याचा, हा सकारात्मक स्वातंत्र्याचा. यात सोयीसुविधा कुठे आल्या?

दुसरी चूक म्हणजे अडवणारं फक्त सरकारच असतं असं धरून चालणं. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दारं बंद करून सत्याग्रहींसमोर उभा होता तो सनातनी समाज. माणसांनी माणसांना जाणूनबुजून अडवलं, एवढं नकारात्मक स्वातंत्र्य हिरावलं जायला पुरे आहे.

आता कांद्याकडे येऊ, कारण खरी गफलत तिथे उघडी पडते. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात वर्गात निफाडकडच्या एका मुलीने विचारलं, “सर, निर्यातबंदी उठेल हो, पण आमच्याकडे कांदाचाळच नाही. भाव पडला तरी माल काढावाच लागतो. मग आम्ही स्वतंत्र कसे?”

फळ्यावर आम्ही तिच्या घरची गोष्ट उकलत गेलो. निर्यातबंदीने थेट कोणाला अडवलं? निर्यातदाराला, कायद्याने. हा नकारात्मक स्वातंत्र्यावरचा घाला. तिच्या वडिलांना कोणी अडवलं नव्हतं, त्यांचं गिऱ्हाईक तुटलं होतं. चाळीचं काय? चाळ नसल्यामुळे ते भावाची वाट पाहू शकत नाहीत, पण थांबू नका असं त्यांना कोणी बजावलेलं नाही. बर्लिन इथे म्हणतील की ही स्वातंत्र्य वापरण्याच्या परिस्थितीची उणीव आहे, खुद्द स्वातंत्र्याची नव्हे. मात्र तेच पुढे हेही मान्य करतात की ही गरिबी माणसांनीच केलेल्या व्यवस्थेतून आली आहे असं मानलं, तर तिला स्वातंत्र्य हिरावणं म्हणता येतं. म्हणजे चाळ नसणं कुठल्या खान्यात टाकायचं, हे ती का नाही याच्या तुमच्या उत्तरावर ठरतं. विद्यार्थी नेमकी हीच पायरी गाळतात आणि थेट ‘सकारात्मक स्वातंत्र्य नाही’ असं लिहून मोकळे होतात.

मग तिच्या घरात सकारात्मक स्वातंत्र्याचा प्रश्न कुठे आहे? कांदा कुठे आणि कसा विकायचा याचे नियम कोण करतं, तिथे. समजा, शेतकऱ्यांनीच निवडून दिलेल्या मंडळाने ठरवलं की कोणीही बाजार समितीच्या आवाराबाहेर माल विकायचा नाही. नियम त्यांचा, म्हणून सकारात्मक स्वातंत्र्य वाढलं. पण बांधावर माल विकू पाहणारा अडला, म्हणून नकारात्मक स्वातंत्र्य घटलं. उलट, एखादा हुकूमशहा कोणालाही न विचारता सगळे निर्बंध उठवू शकतो. दोन्ही स्वातंत्र्यं एकत्रच वाढतात, हे गृहीतक इथेच मोडतं.

सगळ्यात घातक चूक शेवटची आहे, आणि ती परीक्षेपेक्षा भाषणांत जास्त ऐकू येते. ‘शेतकरी हाही आधी नागरिकच आहे, त्यालाही मनातून शहरात स्वस्त कांदा हवाच आहे, तेव्हा बंदी त्याच्या खऱ्या इच्छेविरुद्ध नाही.’ वाक्य गोड आहे, पण त्यात एका माणसाचे दोन केलेत: वरवरची इच्छा असलेला आणि ‘खरी’ इच्छा असलेला. त्या खऱ्याच्या वतीने बोलायचा ठेका मग तिसऱ्याच कोणीतरी घेतला आहे. स्वतःवर स्वतःचा ताबा या कल्पनेतून दुसऱ्याचा ताबा असा निघतो. बर्लिन यांची भीती हीच होती.

म्हणून बंदीला विरोधच करावा, असं नाही. ग्राहकाला महागाईतून सोडवणं हे बंदीचं कारण असू शकतं आणि ते रास्त आहे की नाही यावर वाद घालता येतो. फक्त शेतकऱ्याचं स्वातंत्र्य कमी केलं आणि त्या बदल्यात दुसरं काहीतरी मिळवलं, असं सरळ म्हणावं लागतं. त्या मुलीने वहीत लिहिलं: ‘बाबांना तोटा झाला. कोणाच्या तरी फायद्यासाठी झाला. पण त्यांच्या मर्जीने नाही.’ मी पूर्ण मार्क दिले.